अर्जानंतरचा दुसरा मेल

नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज केला की काही सेकंदांत एक मेल येतो. 'आपला अर्ज मिळाला. आपली माहिती पदाच्या गरजेशी जुळल्यास संपर्क साधू.' हा मेल कुणी बसून लिहिलेला नसतो. अर्ज गोळा करणारं सॉफ्टवेअर तो आपोआप धाडतं. त्यानंतर सगळं शांत. पहिले दोन दिवस आपण तासातासाला इनबॉक्स उघडतो, स्पॅमचा फोल्डरही चाळून बघतो. पाचव्या-सहाव्या दिवशी घरातले विचारायला लागतात. अर्ज थेट मेलवर पाठवला असेल आणि जीमेल वापरत असाल तर तेही मध्ये तोंड घालतं: पाठवलेल्या मेलपुढे नारिंगी अक्षरांत 'इतके दिवस झाले, पुन्हा विचारायचं का?' अशी ओळ झळकते.

या टप्प्यावर घरात दोन पक्ष पडतात. मामा म्हणतो, मागे लागल्याशिवाय आपल्याकडे काही होत नाही, रोज फोन कर. बाबा म्हणतात, लायकी असेल तर बोलावतील, उगाच लोचटपणा नको. दोघांचंही म्हणणं त्यांच्या त्यांच्या काळात खरं होतं. मात्र आज अर्ज जिथे जाऊन पडतो तिथे आठवडाभरात काय काय घडतं, हे दोघांनाही फारसं ठाऊक नसतं. ते कळलं, की मेल कधी पाठवायचा आणि त्यात काय लिहायचं याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. म्हणून एक उदाहरण घेऊन ते तारखांसकट बघू.

समजा, साताऱ्यातली एक मुलगी आहे. बी.कॉम. झाली, दोन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम केलं. टॅली येतं, जीएसटीची रिटर्न्स स्वतः भरते. चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे. ३ जुलै, गुरुवारी रात्री तिनं अर्ज भरला. अर्जाची शेवटची तारीख ६ जुलै, रविवार. १० जुलैला तिच्या हिशोबानं आठवडा पुरा झाला आणि लिहिण्यासाठी हात शिवशिवायला लागले.

आता त्या कंपनीत जाऊ. तिथे भरतीचं काम बघणारी एचआरची एक बाई आहे. तिच्याकडे ही एकच जागा नाही. दोन सुपरवायझर, एक स्टोअरकीपर, एक क्वालिटी इंजिनिअर, काही ट्रेनी, अशा अनेक जागा ती एका वेळी भरते आहे. शेवटची तारीख होईपर्यंत ती अकाउंट्सच्या अर्जांना बहुधा हातच लावत नाही, कारण अर्धे अर्ज शेवटच्या दोन दिवसांत येतात. ७ तारखेला ती फाइल उघडते आणि पहिली चाळणी लावते. या चाळणीत तुमचे गुण, तुमची स्वप्नं वगैरे काही येत नाही. ती चारच गोष्टी बघते: अनुभव जुळतो का, अपेक्षित पगार बसतो का, नोटीस किती दिवसांची आहे, आणि हा माणूस इथे येऊन खरंच राहील का. त्यातून पंधरा-वीस नावांची यादी तयार होते आणि ती एक्सेलमध्ये अकाउंट्स मॅनेजरकडे जाते. त्यांतली पाच-सहा नावं त्यानं निवडायची, मग मुलाखतीचे फोन सुरू व्हायचे.

शांतता असते ती बहुतेक वेळा इथेच, या दुसऱ्या पायरीवर. एचआरचं काम झालेलं असतं, यादी मॅनेजरच्या मेलमध्ये पडलेली असते आणि मॅनेजरला ती उघडायला सवड नसते. अर्जदाराला वाटतं, मला नाकारलं. प्रत्यक्षात त्याचं नाव कुणी अजून वाचलेलंच नसतं.

आणि अकाउंट्स मॅनेजरला सवड केव्हा असते, हे तर आपल्या साताऱ्याच्या मुलीला कुणापेक्षाही जास्त माहीत असायला हवं. ती तेच काम करते. ७ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा टीडीएस भरायचा. ११ तारखेला जीएसटीआर-१. २० तारखेला जीएसटीआर-३बी. महिन्याच्या पहिल्या अकरा दिवसांत हा माणूस जेवायला उठला तरी पुष्कळ. १० तारखेला पाठवलेला मेल एचआरकडे पोचला, तिनं भलेपणानं मॅनेजरला विचारलंही, 'त्या यादीचं काय झालं?', तरी उत्तर ठरलेलं: 'अकरानंतर बघतो.' आपला एक मेल खर्ची पडला, आणि मिळालं काहीच नाही.

१० तारखेत आणखी एक अडचण आहे. ती पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात काम केलेल्यांना चटकन कळेल. भोसरी-चाकणकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे तिचा सातवा दिवस नेमका कंपनीच्या सुटीवर आला. मेल तसाच पडून राहिला असता आणि शुक्रवारी सकाळी दोन दिवसांच्या ढिगाखाली गेला असता. कंपनीची सुटी कधी असते हे शोधणं अवघड नाही. तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचारायचं, नाहीतर जाहिरातीतच 'वीकली ऑफ' लिहिलेलं असतं. पण हे बघायचं असतं हेच सुचत नाही.

'आठवड्यानं विचारावं' हा सल्ला तसा ठीक आहे. फक्त तो आठवडा मोजायचा कुठून, हा खरा प्रश्न. शेवटची तारीख दिली असेल तर तिच्यापासून मोजायचा, आपण अर्ज केला त्या दिवसापासून नाही. लवकर अर्ज केला म्हणून कंपनीचं घड्याळ लवकर सुरू होत नाही. शेवटची तारीख दिलेलीच नसेल तर अर्जाच्या दिवसापासून, पण कामाचे सात दिवस. मध्ये गणपती किंवा दिवाळी आली तर त्या दिवसांत कोणीच काही ठरवत नाही असं समजून ते सोडून द्यायचे. आणि जाहिरातीत 'निवड झालेल्यांनाच तीन आठवड्यांत कळवू' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर तीन आठवडे गप्प बसायचं. तिथे सातव्या दिवशी विचारणं म्हणजे जाहिरात नीट वाचली नाही याचा पुरावा आपल्याच हातानं देणं.

आपल्या उदाहरणात मुदत संपली ६ जुलैला. ७, ८, ९, मग गुरुवारची सुटी, मग ११, १२, १३ आणि १४ हा सातवा दिवस. १४ जुलै, सोमवार. एरवी सोमवारी असा मेल पाठवू नये, कारण शनिवार-रविवारचं साठलेलं सगळं सोमवारी सकाळी अंगावर येतं. पण या कंपनीचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, त्यामुळे त्यांचा सोमवार म्हणजे आपल्याकडचा गुरुवार. जीएसटीआर-१ होऊन गेलं आहे, ३बीला अजून सहा दिवस आहेत. एचआरकडे पगाराची, हजेरीची धावपळ महिनाअखेरीला सुरू होते, तीही लांब आहे. दोन्ही टेबलांवर एकाच वेळी थोडी उसंत असलेला हा दिवस.

वेळ सकाळी साडेदहाच्या आसपासची. आल्या आल्या पहिल्या तासात लोक आग विझवत असतात. दुपारी जेवणानंतर आलेला मेल संध्याकाळच्या आत वाचून होतो, पण उत्तर 'उद्या' वर जातं. रात्री साडेअकराला मेल लिहून होत असेल तर लिहावा, पण पाठवू नये. जीमेलमध्ये 'शेड्यूल सेंड' आहे, दुसऱ्या दिवशीची वेळ लावून झोपावं. रात्री लिहिलेला मेल सकाळी एकदा वाचायला मिळतो, हा त्यातला खरा फायदा. रात्रीच्या मेलमध्ये कळवळा फार असतो.

कुणाला पाठवायचा, हे पुष्कळांचं चुकतं. तो पहिला, आपोआप आलेला मेल असतो ना, त्याच्यावरच 'रिप्लाय' दाबतात. त्याचा पत्ता नीट बघितला तर तिथे बहुतेक वेळा `no-reply` असं असतं. तिकडे पाठवलेलं कुणी वाचत नाही. जाहिरातीत एचआरचा पत्ता असेल तर त्यावर नवा मेल लिहायचा. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर भरतीसाठी दिलेल्या पत्त्यावर. त्याही कंपनीत ओळखीचं कुणी असेल आणि त्याच्यामार्फत अर्ज गेला असेल, तर आधी त्या माणसाला विचारावं. त्याला दोन मिनिटांत कळतं आणि त्याला डावलून थेट लिहिलं तर तो दुखावतो. अर्ज एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेला असेल तर कंपनीला अजिबात लिहायचं नाही. कन्सल्टंटला त्या जागेचं कमिशन मिळायचं असतं. तोच उमेदवार थेटही आला की हा आमचा की तुमचा, असा वाद उभा राहतो आणि कटकट नको म्हणून कंपनी त्या उमेदवाराचं नावच बाजूला ठेवते. ही गोष्ट उमेदवाराला कुणी सांगत नाही, त्याला फक्त शांतता ऐकू येते.

अकाउंट्स मॅनेजरचं नाव लिंक्डइनवर सापडलं, तर त्यालाही लिहावं का? माझं मत, पहिल्या मेलच्या वेळी नको. एचआरला वगळून गेलं की एचआर नाराज, आणि मॅनेजर तो मेल एचआरकडेच पुढे ढकलणार. सीसीमध्ये त्यांच्या साहेबाला ठेवणं तर सरळ तक्रार ठरते. 'वाचल्याची पावती' मागणारी सोयही बंद ठेवावी. समोरच्याच्या स्क्रीनवर पावती पाठवायची का, असा प्रश्न येतो आणि आपल्यावर पाळत ठेवली जाते आहे असं त्याला वाटतं.

आता मजकूर. कंपन्यांमध्ये हा मेल बहुधा इंग्रजीतच जातो, पण इथे तो मराठीत देतो, म्हणजे वाक्यांत काय आहे ते उघडं दिसेल. सवयीनं लिहिला जातो तो मेल साधारण असा असतो:

> आदरणीय सर/मॅडम, मी आपल्या नामांकित कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला होता. आज आठवडा उलटूनही आपल्याकडून कोणतंही उत्तर मिळालेलं नाही. मला या नोकरीची अत्यंत गरज आहे. मी मेहनती व प्रामाणिक असून कोणतंही काम करण्यास तयार आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून लवकरात लवकर कळवावं, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.

एचआरच्या बाईच्या जागी बसून हा वाचा. पहिला प्रश्न: कोण? कुठल्या जागेसाठी? नऊ जागांपैकी कुठली ते लिहिलेलंच नाही, अर्ज क्रमांक नाही, अर्ज कधी केला तेही नाही. म्हणजे उत्तर द्यायचं तर आधी तिनं शोधाशोध करायची. दुसऱ्या वाक्यात आरोप आहे. 'उलटूनही' या शब्दात तुम्ही कळवायला हवं होतं असा सूर येतो. तिनं तर तसं काही कबूल केलेलं नव्हतं. 'जुळल्यास संपर्क साधू' एवढंच सॉफ्टवेअर बोललं होतं. 'कोणतंही काम करायला तयार' हे वाक्य लिहिणाऱ्याला नम्र वाटतं, पण वाचणाऱ्याला ते घाबरवतं. अकाउंट्सच्या जागेसाठी कोणतंही काम करणारा माणूस नको असतो, जीएसटी येणारा हवा असतो. गरज तर प्रत्येकालाच आहे. आणि शेवटची मागणी, 'कळवावं', तिला पुरी करताच येत नाही, कारण निर्णय तिच्या हातात नाही, मॅनेजरच्या हातात आहे. मग ती काय करते? मेल बंद करते. त्यात दुष्टावा नसतो, तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, एवढंच.

शाळेत आपल्याला अर्जलेखन शिकवलं गेलं ते मुख्याध्यापकांना सुटी मागण्याचं. तो सूर अजून आपल्या बोटांत आहे. सुटी देणं हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर होतं, म्हणून विनवणी योग्यच होती. नोकरीच्या अर्जात समोरच्याचीही एक जागा रिकामी आहे आणि ती न भरल्यामुळे त्याचंही काम अडलेलं आहे. दोन कामाची माणसं एकमेकांशी बोलतात तेवढाच आदर इथे पुरतो.

तीच मुलगी १४ तारखेला असं लिहू शकते:

> विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, चाकण: अर्ज ३ जुलै, क्रमांक (जो असेल तो)
>
> नमस्कार मॅडम,
>
> चाकणच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी मी ३ जुलैला अर्ज केला आहे. अर्जांची मुदत ६ तारखेला संपली, म्हणून विचारते: या जागेसाठी मुलाखती साधारण कधी होतील, याचा काही अंदाज देता येईल का?
>
> अर्जात दोन गोष्टींसाठी रकाना नव्हता. माझी नोटीस ३० दिवसांची आहे. आणि भोसरीत मावशीकडे माझी राहण्याची सोय झालेली आहे, त्यामुळे साताऱ्याहून ये-जा करण्याचा प्रश्न नाही.
>
> सोयीसाठी रेझ्युमे पुन्हा जोडला आहे.
>
> (पूर्ण नाव, मोबाइल नंबर)

यात प्रश्न एकच आहे आणि तो असा, की त्याचं उत्तर एचआरची बाई कुणालाही न विचारता देऊ शकते. 'पुढच्या आठवड्यात' किंवा 'अजून ठरलेलं नाही', दोन शब्दांत काम होतं. 'माझी निवड झाली का?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं; 'मुलाखती कधी?' याला असतं. आणि हा मेल वाचून तिला स्वतःलाच आठवतं, अरे हो, ती यादी अजून परत आलेली नाही. ती मॅनेजरला विचारते. आपल्याला हवं असलेलं काम हे आहे, पण ते मागून होत नाही.

दुसरा परिच्छेद हा या मेलचा खरा कणा. वरच्या चार चाळण्या आठवा. साताऱ्याचा पत्ता बघितल्यावर एचआरच्या मनात शंका येते की ही मुलगी चाकणला खरंच येईल का. सातारा ते पुणेच शंभर किलोमीटरच्या वर आहे, चाकण त्याच्याही पुढे. ऑफर घेऊन न येणारे, आले तरी महिन्याभरात सोडून जाणारे उमेदवार ही भरती करणाऱ्यांची रोजची डोकेदुखी असते, त्यामुळे लांबचा पत्ता कागदावरच मागे पडतो. मावशीच्या एका वाक्यानं ती शंका मिटते. नोटिशीचंही तसंच: ६०, ९० दिवसांच्या नोटिशीवाले अर्जदार पुष्कळ असतात, तिथे ३० दिवस ही जमेची बाजू आहे. म्हणजे मेल पाठवायला काहीतरी कारण हवं म्हणून माहिती घुसडायची नाही. आपल्या अर्जाकडे बघून समोरच्याला कुठली शंका येईल ते ओळखायचं आणि तिचं उत्तर द्यायचं. कुणाची शंका शिक्षणातल्या खंडाची असेल, कुणाची पगाराच्या अपेक्षेची. सांगण्यासारखं काहीच नसेल तर पहिला परिच्छेद आणि रेझ्युमे, एवढ्यावर थांबलं तरी चालतं. फक्त खोटं नको. मावशी भोसरीत नसेल तर ती मेलमध्येही असू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न तिचाच निघेल.

'दुसरीकडून ऑफर आहे, लवकर कळवा' हे वाक्य बरेच जण सुचवतात. खरोखर ऑफर असेल तर ते जरूर लिहावं, उत्तराची तारीख देऊन, कारण ती त्यांच्या कामाची माहिती आहे. नसेल तर हा फार वाईट डाव. समोरून 'अभिनंदन, शुभेच्छा' असं एका ओळीचं उत्तर आलं की पुढे बोलायला जागा राहत नाही.

विषयाची ओळ वर मुद्दाम पूर्ण दिली आहे. नुसतं 'फॉलो-अप' किंवा 'जेंटल रिमाइंडर' असा विषय टाकला तर दोन गोष्टी होतात. एक, त्या दिवशी आलेल्या अशाच दहा मेलमध्ये तो मिसळतो. दुसरी, महिन्यानंतर कुणी इनबॉक्समध्ये 'चाकण अकाउंट्स' असं शोधलं तर तो सापडत नाही. हे महिन्यानंतरचं शोधणं काल्पनिक नाही, त्याच्याकडे शेवटी येतो. रेझ्युमेच्या फाइलचं नावही तसंच: 'रेझ्युमे फायनल न्यू २' ऐवजी स्वतःचं नाव आणि पद, पीडीएफमध्ये. मोबाइलवर उघडल्यावर वर्डची फाइल विस्कटते, आणि पुष्कळ एचआरवाले पहिल्यांदा ती मोबाइलवरच उघडतात.

मुलाखत होऊन गेल्यावरची शांतता थोडी वेगळी. तिथे समोरच्यानं काहीतरी बोललेलं असतं. 'शुक्रवारपर्यंत सांगतो' म्हणाले असतील, तर शुक्रवार जाऊ द्यायचा, मध्ये कामाचे एक-दोन दिवस द्यायचे, आणि मग त्याच बोलण्याचा आधार घेऊन विचारायचं: 'मुलाखतीत आपण शुक्रवारचा उल्लेख केला होता, म्हणून विचारते आहे.' मुलाखत आटोपून उठताना 'साधारण कधीपर्यंत कळेल?' हे विचारून ठेवलं तर पुढची निम्मी घालमेल वाचते. हा मेल त्यांच्या मुलाखतीच्या निरोपाच्याच मेलवर उत्तर म्हणून पाठवावा, म्हणजे जुना संदर्भ खाली आपोआप राहतो.

सरकारी भरतीत मात्र यातलं काहीही लागू होत नाही. एमपीएससी असो की एखाद्या महापालिकेची भरती, तिथे मेल पाठवून यादी पुढे सरकत नाही. जाहिरात क्रमांक आणि संकेतस्थळावरची प्रसिद्धिपत्रकं, एवढंच खरं. फार दिवस काहीच कळलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. त्याला उत्तर देण्याची मुदत साधारणपणे ३० दिवसांची आहे. तिथला सूरही वेगळा: विनंतीचा नाही, कुठली माहिती हवी ते नेमकं विचारणारा.

पुन्हा चाकणला येऊ. १४ तारखेच्या मेलनंतर तीनपैकी एक काहीतरी होतं. उत्तर येतं, 'पुढच्या आठवड्यात फोन करू'. मग त्याच दिवशी एका ओळीत आभार मानायचे आणि तो आठवडा अजिबात टोकायचं नाही. किंवा उत्तर येतं, 'ही जागा सध्या होल्डवर आहे' किंवा 'भरली गेली'. होल्डवर याचा अर्थ बहुधा खर्चाची मंजुरी अडकली आहे. त्यावर वाद घालून उपयोग नाही, कारण ती मंजुरी मेल वाचणाऱ्याच्या हातात नसते. भरली गेली असेल तर आभार मानून पुढे जायचं. एखाद्या उत्तरात 'नोंदणी शुल्क' किंवा 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागितलं असेल, तर ती कंपनी नव्हे, ठग समजावा. वाट बघून कंटाळलेल्या माणसाला असा मेल चटकन खरा वाटतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ च्या पुढे कंपनीचंच नाव आहे का, ते अक्षर अक्षर तपासावं.

तिसरी शक्यता, पुन्हा शांतता. मग दुसरा आणि शेवटचा मेल. आपल्या उदाहरणात तो २२ जुलै, मंगळवारी. ३बी होऊन दोन दिवस झाले, महिनाअखेरीच्या पगाराची धांदल सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे. हा मेल १४ तारखेच्या मेलवरच 'रिप्लाय' करून पाठवायचा, म्हणजे सगळं एका जागी राहतं, आणि तो पहिल्यापेक्षाही आखूड ठेवायचा:

> नमस्कार मॅडम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेबद्दल १४ तारखेला लिहिलं होतं. ही जागा अजून खुली आहे का, एवढंच कळलं तरी पुरे. नंतर कधी अशी जागा निघाली तर माझा विचार व्हावा, ही इच्छा. नंबर खाली आहे.

याच्यात 'हो' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तराची अपेक्षा आहे आणि 'नाही' म्हणणं सोपं करून दिलेलं आहे. उत्तर न देणाऱ्या पुष्कळ माणसांना 'नाही' म्हणण्याचा संकोच असतो. तो संकोच गेला की उत्तर येतं, आणि नकाराचं उत्तर आलं तरी आपली एक जागा डोक्यातून मोकळी होते. यानंतर मात्र तिसरा मेल नको. दोन मेल वाचूनही न बोललेला माणूस तिसऱ्यावर बोलला, तर तो बहुधा चिडूनच बोलतो. फोन करायचाच असेल तर या दुसऱ्या मेलनंतर चार दिवसांनी, एकदाच, कंपनीच्या बोर्ड नंबरवर; एचआरच्या खासगी मोबाइलवर किंवा व्हॉट्सअॅपवर नाही, तो नंबर तिनं स्वतः दिलेला नसेल तर.

याच काळात जाहिरात पुन्हा दिसायला लागली तर अनेकांचा धीर सुटतो: म्हणजे मला नाकारलं. तसंच असेल असं नाही. मॅनेजरनं यादी बघून 'यात जीएसटीचा अनुभव कमी आहे, आणखी नावं काढा' असं म्हटलेलं असू शकतं, किंवा जाहिरातीची मुदत संपली म्हणून ती आपोआप नव्यानं लागलेली असू शकते. अशा वेळी नवा अर्ज भरू नये. एकाच माणसाचे दोन अर्ज दिसले की सॉफ्टवेअर जुना किंवा नवा यांपैकी एक बाद करतं, आणि कोणता ते आपल्या हातात नसतं. पहिल्या मेलची जागा हीच: 'जाहिरात पुन्हा आलेली पाहिली, माझा ३ जुलैचा अर्ज विचारात आहे का?'

आणि ते महिन्यानंतरचं शोधणं. समजा, जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो माणूस ९० दिवसांच्या नोटिशीवर आहे. ऑफर घेऊन तो आपल्या जुन्या कंपनीला दाखवतो, तिथे पगार वाढतो, आणि सप्टेंबरमध्ये तो कळवतो की मी येत नाही. हे भरतीच्या जगात नेहमीचं आहे. मॅनेजरचं काम तीन महिन्यांपासून अडलेलं, आता त्याला उद्या माणूस हवा असतो. एचआरची बाई नवी जाहिरात देण्याआधी आपला इनबॉक्स उघडते आणि 'चाकण अकाउंट्स' टाइप करते. समोर विषयाची पूर्ण ओळ येते, ३० दिवसांची नोटीस, भोसरीतली मावशी, खाली मोबाइल नंबर. ती मेल करत नाही, सरळ फोन लावते, बहुधा दुपारी चारच्या सुमाराला, अनोळखी नंबरवरून. एव्हाना साताऱ्याच्या मुलीला दुसरीकडे नोकरी लागली असेल, तर तिनं तसं सांगावं आणि ओळखीतल्या कुणाला हवी असेल तर नाव सुचवू का, असं विचारावं. लागलेली नसेल तर पगार, नोटीस आणि रुजू होण्याची तारीख, या तिन्हींची उत्तरं तिच्याकडे तयार असायला हवीत, कारण तो फोन चार मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही.